पाव मिलिमीटरची मोकळीक

आईच्या गोळ्यांसाठी मला एक डबी हवी होती. दुकानात मिळणाऱ्या डब्यांची झाकणं नखानं उचकटावी लागतात आणि संधिवातामुळे आईच्या बोटांना ते आता जमत नाही. घरी थ्री-डी प्रिंटर होता. अंगठ्यानं सहज वर ढकलता येईल असं रुंद ओठाचं झाकण आपणच करावं असं ठरवलं. अट एकच घातली. डबी आणि झाकण वेगळं छापून मधे तार किंवा पिन घालायची नाही, कारण तार कधीतरी निसटते आणि मग झाकण हरवतं. प्रिंटरवरून उतरेल तेव्हाच बिजागरीसकट, उघडझाप करणारी डबी हातात यायला हवी.

अशी वस्तू छापता येते. एकात एक अडकलेल्या कड्यांची साखळी, वळवळणारा साप, आपोआप मिटणारा स्टँड, या सगळ्या वस्तू एकाच छपाईत जोडलेल्या अवस्थेतच तयार होतात. त्यांचे भाग नंतर कुणी एकमेकांत बसवलेले नसतात. बहुतेकांना ते सुटेही करता येणार नाहीत, कारण ते वेगळे असे कधी नव्हतेच.

माझी पहिली डबी अडीच तासांनी तयार झाली. झाकण उचललं, हललं नाही. थोडा जोर लावला, तरी नाही. आणखी जोर लावल्यावर ‘कट्’ असा आवाज आला आणि झाकण हातात आलं. बिजागरीची पिन नळीच्या आतच तुटून राहिली होती.

फेकून देण्याआधी मी ती नळी बारीक करवतीनं आडवी कापली आणि भिंगाखाली धरली. चित्रात मी पिनच्या भोवती सगळीकडून ०.३ मिलिमीटर फट ठेवली होती. कापलेल्या तोंडावर पाहिलं तर डावीकडची आणि उजवीकडची फट जशीच्या तशी होती, स्वच्छ आणि मोकळी. वर आणि खाली मात्र फट नावालाही नव्हती. तिथं पिन आणि नळी एकजीव झाली होती. एकाच आकड्याची फट, एकाच वस्तूत, दोन दिशांना मोकळी आणि दोन दिशांना बंद. हलणारे भाग छापण्याचं सगळं शास्त्र त्या एका तुकड्यात होतं, ते मला पुढच्या आठवड्यात उलगडत गेलं.

फट कुठं जाते?

दाराची साधी बिजागरी आठवा. दोन पाती, त्यांच्या कडेला वळवलेल्या नळ्या, आणि सगळ्या नळ्यांतून जाणारी एक पिन. कारखान्यात पिन वेगळी होते, नळ्या वेगळ्या होतात, मग पिन आत ठोकतात. पिन आणि नळी यांच्यात केसाएवढीच जागा असली तरी चालतं, कारण दोन्ही वस्तू आधीच घट्ट झालेल्या असतात.

घरगुती प्रिंटरमध्ये तसं नसतं. प्लॅस्टिकची जाड दोऱ्यासारखी तार तापलेल्या नोझलमधून पातळ होऊन बाहेर येते. पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक असेल तर नोझल साधारण २०० ते २१५ अंश सेल्सिअसला असतं. त्याचं भोक ०.४ मिलिमीटरचं, आणि त्यातून उमटणारी रेघ दाबली गेल्यामुळे ०.४५ मिलिमीटरच्या आसपास रुंद. एका थराची उंची बहुधा ०.२ मिलिमीटर. रांगोळीची रेघ ओढावी तशी एकेक रेघ ओढून एक थर पुरा होतो, मग त्यावर दुसरा. पिन आणि नळी दोन्ही एकाच वेळी, थराथरानं, शेजारी शेजारी वाढत असतात, आणि त्या वेळी दोन्ही गरम असतात. त्यांनी एकमेकांना चिकटू नये यासाठी आपल्याकडे एकच साधन आहे. दोघांमध्ये काहीच न छापलेली जागा सोडायची. प्रिंटरवाले तिला क्लिअरन्स म्हणतात. मी मोकळीक म्हणते.

आडव्या दिशेनं ही मोकळीक सांभाळणं सोपं असतं. नोझल एका रेघेपाशी थांबतं आणि ०.३ मिलिमीटर सोडून दुसरी रेघ ओढतं. वितळलेलं प्लॅस्टिक थोडं पसरतं, त्यामुळे ०.३ ची फट प्रत्यक्षात ०.२ किंवा त्याहूनही कमी राहते, पण राहते. शेजारच्या दोन घरांमधली बोळ थोडी अरुंद झाली एवढंच.

उभ्या दिशेला गोष्ट वेगळी. तिथं वरचा थर हवेत ओढावा लागतो. माझ्या डबीत पिन आडवी होती, म्हणजे बेडला समांतर. नळीचा तळ छापून झाला, मग दोन थर रिकामे गेले, आणि पिनची सगळ्यात खालची रेघ सुरू झाली. तिला खाली आधारच नव्हता. वीस मिलिमीटर लांब, केवळ दोन्ही टोकांना धरलेली, मऊ, तापलेली रेघ. दोन खांबांमधल्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ती मधे झोळली आणि नळीच्या तळावर टेकली. टेकली तिथंच चिकटली.

वरच्या बाजूला उलटा प्रकार झाला. नळीचं भोक ४.६ मिलिमीटर व्यासाचं होतं. गोल भोकाच्या माथ्याकडे जाताना प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा आत आत सरकतो, आणि माथ्याजवळ ही सरक फार वाढते. शेवटून दुसऱ्या थरात रेघेचा बहुतेक भाग हवेत असतो, आणि शेवटच्या थराला जवळजवळ दोन मिलिमीटर रुंदीचं छत एकदम झाकावं लागतं. त्या छताच्या रेघा लोंबल्या आणि पिनच्या पाठीवर बसल्या.

उभ्या फटीची आणखी एक अडचण थरांतच आहे. थर ०.२ चा असेल तर उभी फट ०.२ होईल, ०.४ होईल किंवा ०.६. मी चित्रात ०.३ लिहिलं तरी प्रिंटर अर्धा थर छापू शकत नाही. कुठं एक थर रिकामा जातो, कुठं दोन. म्हणून उभ्या दिशेची मोकळीक ठरवताना आधी थराची उंची विचारात घ्यायची, आणि निदान दोन थर तरी रिकामे सोडायचे, हा माझा आता पक्का नियम झाला आहे.

उभी करावी की आडवी?

मग पहिला मोह असा होतो की डबी उभीच करून छापावी. पिन बेडवर खांबासारखी उभी राहील. प्रत्येक थरात पिन म्हणजे एक गोल टिकली आणि नळी म्हणजे तिच्याभोवतीचं वर्तुळ. झोळणं नाही, लोंबणं नाही. सगळीकडून सारखी, देखणी फट. आणि खरंच, अशा उभ्या बिजागऱ्या फार सहज सुटतात, ०.३ मिलिमीटरमध्येही.

पण त्या तशाच सहज तुटतात. छापलेली वस्तू थराच्या दिशेनं मजबूत असते आणि थरांच्या सांध्यात कमजोर. उभी पिन म्हणजे एकावर एक रचलेल्या टिकल्यांची चवड. झाकण बाजूला ओढलं गेलं की सगळा ताण त्या चवडीला आडवा बसतो आणि ती दोन टिकल्यांच्या मधे सटकते. आडव्या पिनमध्ये रेघा पिनच्या लांबीनं जातात. उसाच्या कांड्यातले धागे जातात तशा. ती वाकेल, पण मधेच सहजी मोडणार नाही. माझ्या पहिल्या डबीची पिन मोडली ती तिच्या दुबळेपणामुळे नव्हे. दोन्हीकडून चिकटून बसल्यावर झाकणाची चाळीस मिलिमीटरची तरफ तिच्यावर चालली, त्यापुढे ती टिकणार नव्हती.

डबी उभी करण्यात दुसरी अडचणही होती. उघड्या बाजू, ओठ, आतले कप्पे हे सगळे मग बाजूनं लोंबू लागतात. म्हणजे बिजागरी सुधारावी तर डबी बिघडते. त्यामुळे डबी बेडवर पाठ टेकून, पुस्तकासारखी पूर्ण उघडी अशीच छापायची हे पक्कं केलं. आडव्या बिजागरीतच मार्ग शोधायला हवा होता.

शंकूचा मार्ग

जुन्या वाड्यांची भारी दारं आपण पाहिली आहेत. त्यातल्या पुष्कळांना लोखंडी बिजागरी नसे. फळीच्या कोपऱ्याला ठेवलेला लाकडी खुंट उंबऱ्यातल्या खळग्यात बसे आणि दार त्यावर फिरे. दार फिरवायला आरपार पिन लागतेच असं नाही. दोन टोकांना दोन खुंट आणि त्यांच्यासाठी दोन खळगे पुरतात. हलत्या छपाईत सगळ्यात भरवशाची ठरलेली बिजागरी याच तत्त्वावर आहे. तिच्यातला खुंट मात्र शंकूच्या आकाराचा असतो.

शंकूच का, ते समजून घेण्यासारखं आहे. थरावर थर चढताना प्रत्येक नवा थर थोडा बाहेर सरकला तर चालतं, जोवर त्याचा निम्म्याहून जास्त भाग खालच्या थरावर टेकलेला असतो. उतार ४५ अंशांचा असेल तर ०.२ उंचीच्या थराला ०.२ मिलिमीटरच बाहेर यावं लागतं. रेघ ०.४५ रुंद, त्यातली ०.२५ खालच्या रेघेवर. ती पडत नाही, झोळत नाही. म्हणून ४५ अंशांचा उतार हा या कामात सोबत्यासारखा असतो. आता आडव्या अक्षावर असलेल्या शंकूची खालची कड पाहा. ती पायथ्यापासून टोकाकडे ४५ अंशांनी वर चढत जाते, म्हणजे स्वतःच स्वतःला उचलून धरते. आणि समोरच्या खळग्याचं छत पाहा. तेही आतून तोंडाकडे ४५ अंशांनीच पसरतं. झोळणारी दोरी नाही, लोंबणारं छत नाही. पहिल्या डबीत बंद झालेल्या दोन्ही जागा शंकूत उघड्या राहतात.

माझी बिजागरी अशी ठरली. तीन नळ्या ओळीत, प्रत्येकीची त्रिज्या ४ मिलिमीटर. आता त्या पोकळ नव्हत्या, भरीव होत्या, पण नाव नळीच राहिलं. मधली नळी झाकणाची, कडेच्या दोन डबीच्या. मधल्या नळीच्या दोन्ही तोंडांवर एकेक शंकू, पायथ्याशी त्रिज्या २.५ आणि लांबीही २.५, म्हणजे उतार बरोबर ४५ अंश. कडेच्या नळ्यांत तेवढेच खळगे. मधल्या नळीच्या तोंडापासून कडेच्या नळीच्या तोंडापर्यंत फट ०.४.

इथंच मी जवळजवळ चुकले होते. ०.४ ही फट अक्षाच्या दिशेनं मोजलेली आहे. पण शंकूचा पृष्ठभाग तिरका आहे, आणि दोन तिरक्या पृष्ठभागांमधलं खरं अंतर काटकोनात मोजायचं असतं. ४५ अंशांच्या उतारावर ते सुमारे ०.७ पट भरतं. म्हणजे ०.४ लिहिली तर प्लॅस्टिकला मिळणारी मोकळीक ०.२८, पाव मिलिमीटरहून जराशी जास्त. ०.३ लिहिली तर फक्त ०.२१. आकडा एक वाचायचा आणि मोकळीक दुसरीच मिळायची, असं शंकूच्या बिजागरीत फार जणांचं होतं. चित्रात दिसणारी फट पुरेशी वाटते आणि डबी मात्र उघडत नाही.

झाकण निसटणार नाही ना, हेही त्याच वेळी तपासायचं. झाकण पूर्ण एका बाजूला सरकलं तर एकीकडची फट शून्य होते आणि दुसरीकडची ०.८. शंकू २.५ खोल आहे, म्हणजे तरीही १.७ मिलिमीटर आत अडकून राहतो. एवढं पुरतं.

उघडी डबी छापायची म्हटल्यावर आणखी एक गोष्ट आपोआप ठरते. झाकण उलटून डबीच्या तोंडावर नीट बसायचं असेल तर बिजागरीचा अक्ष डबीच्या काठाच्या पातळीत हवा आणि झाकणाच्या काठाच्याही. दोन्ही बेडवर पाठ टेकून पडलेले आहेत. तेव्हा दोन्हींची उंची सारखीच लागते. मला खोल डबी आणि उथळ झाकण हवं होतं. ते सोडून मी दोन्ही ९ मिलिमीटरचे केले. एकाच छपाईत होणाऱ्या अनेक डब्या बरोबर अर्ध्यावर उघडतात त्याचं कारण हे आहे.

नळ्या बेडपासून ५ मिलिमीटर उंचीवर सुरू होणार होत्या, हवेत. म्हणून प्रत्येक नळीच्या पोटाखाली तिच्या स्वतःच्या भिंतीकडे जाणारा ४५ अंशांचा उतार दिला, छज्जाखालच्या तिरक्या टेकूसारखा. झाकणाच्या नळीचा टेकू झाकणाच्या भिंतीला, डबीच्या नळ्यांचे डबीच्या भिंतीला. टेकू चुकून समोरच्या भिंतीला टेकला तर बिजागरी जन्मतःच बांधली जाते.

आधी तुकडा, मग डबी

पहिली डबी मोडल्यावर मी पूर्ण डबी छापायच्या भानगडीत पडले नाही. फक्त बिजागरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दहा दहा मिलिमीटरच्या पट्ट्या, असे तीन छोटे तुकडे केले. तिघांत फरक एकच, अक्षाच्या दिशेची फट ०.३, ०.४ आणि ०.५. चाचणीचा तुकडा खऱ्या वस्तूसारखाच पडलेला असायला हवा, ही यातली महत्त्वाची अट. उभ्या बिजागरीवर मोकळीक ठरवून ती आडव्या बिजागरीला लावली तर त्या चाचणीचा काही उपयोग नाही.

बेड थंड होईपर्यंत थांबले. गरम बेडवरून ओढलेली वस्तू वाकते आणि वाकलेली बिजागरी घासतच राहते. मग ०.३ चा तुकडा घेतला. पट्टी उचलायच्या आधी ती बिजागरीच्या लांबीनं डावी-उजवीकडे सरकवून पाहिली, कारण शंकू आणि खळगा यांच्यात राहिलेले बारीक तंतू तसे सरकवल्यानं आधी तुटतात. जराही सरकली नाही. अंगठे अगदी बिजागरीजवळ ठेवून दाबलं तेव्हा ती करकरत सुटली. फिरली खरी, पण सगळ्या फेरीभर वाळू असल्यासारखी. आईच्या बोटांसाठी ती कामाची नव्हती.

०.४ च्या तुकड्याला डावीकडे सरकवताना एक ‘टक्’ आला, उजवीकडे दुसरा. त्यानंतर पट्टी सहज फिरली. दहा-बारा वेळा उघडझाप केल्यावर आवाजही गेला. ०.५ चा तुकडा आवाज न करताच मोकळा झाला, पण त्याची पट्टी डोलत होती. मिटल्यावर तिची पुढची कड समोरच्या कडेशी जुळेना, प्रत्येक वेळी थोडी वेगळीकडे बसे. मोकळीक जास्त म्हणजे बिजागरी चांगली, असं नसतं. उघडणं सोपं होतं आणि नेमकेपणा जातो. मी ०.४ घेतली.

हा आकडा माझ्या प्रिंटरचा, माझ्या पीएलएचा. दुसऱ्या प्रिंटरवर प्लॅस्टिक जरा जास्त येत असेल तर ०.४ चा अनुभव माझ्या ०.३ सारखा येईल. पीईटीजी हे प्लॅस्टिक तंतू जास्त सोडतं आणि एकमेकांना घट्ट धरतं, म्हणून त्यासाठी मी ०.१ वाढवते. सगळ्यांना लागू पडणारा एकच आकडा सांगता येत नाही. तीन तुकड्यांची चाचणी मात्र कुणालाही तासाभरात करता येते.

बिजागरी काय सांगते

पूर्ण डबी छापली तेव्हा एक नवीच तक्रार आली. झाकण उघडलं, फिरलं, पण साधारण निम्म्या वाटेवर एका जागी अडखळलं आणि पुढे गेलं. दर वेळी त्याच जागी. फट सगळीकडे कमी असती तर घासणं सगळ्या फेरीत जाणवलं असतं. एकाच जागी अडखळणं म्हणजे तिथं काहीतरी उंचवटा आहे.

तो उंचवटा शिवणीचा होता. प्रत्येक थरात नोझल बाहेरची रेघ कुठून तरी सुरू करतं आणि फिरून तिथंच संपवतं. सुरुवात आणि शेवट जुळतो तिथं प्लॅस्टिकचा कणभर थेंब राहतो. हे थेंब थरावर थर एका ओळीत आले की शिवण दिसते. छपाईआधी वस्तूचे थर पाडणारी प्रणाली, म्हणजे स्लायसर, ही शिवण दिसू नये म्हणून ती आत वळलेल्या कोपऱ्यात लपवायला पाहते. आणि आमच्या डबीवर आत वळलेला सगळ्यात सोयीचा कोपरा कुठला, तर शंकूचा खळगा! प्रुसास्लायसरमध्ये `Seam position` ही निवड असते आणि शिवण कुठं हवी, कुठं नको हे वस्तूवर रंगवूनही दाखवता येतं. मी खळग्यांच्या आत शिवणीला मनाई केली आणि ती नळीच्या बाहेरच्या बाजूला नेली. पुढच्या डबीत अडखळणं गेलं.

अशा रीतीनं बिजागरी स्वतःच आपलं दुखणं सांगते. सगळ्या फेरीत घासत असेल तर मोकळीक कमी आहे किंवा प्लॅस्टिक जास्त येतं आहे. एकाच जागी अडत असेल तर शिवण पाहा. एका ‘टक्’नंतर मोकळी झाली तर काही बिघडलेलं नाही, तंतूच होते ते. आणि फिरण्याआधीच मोडली तर कुठंतरी छत किंवा तळ झोळून चिकटला आहे. जोर वाढवून काही मिळणार नाही, आकार बदलायला हवा.

छापायच्या आधीही एक जागा बघून घेता येते. स्लायसरमध्ये थर एकेक करून पाहता येतात. बिजागरीच्या थरांवर जाऊन फट डोळ्यांनी शोधायची. तिथं पडद्यावरच दोन रेघा एकमेकींना भिडलेल्या दिसल्या तर प्रिंटर त्या वेगळ्या करणार नाही. फार बारीक फटी काही स्लायसर चूक समजून स्वतःच बुजवतात. प्रुसास्लायसरमध्ये त्याचा आकडा `Slice gap closing radius` या नावानं असतो.

माझ्या डबीत नळ्या बेडपासून वर होत्या, म्हणून एका मोठ्या त्रासातून मी वाचले. वळवळणाऱ्या सापासारख्या खेळण्यांत प्रत्येक मणका बेडवर टेकलेला असतो आणि शेजारच्या मणक्यापासूनची फट अगदी पहिल्या थरापासून सुरू होते. पहिला थर बेडला घट्ट चिकटावा म्हणून नोझल तो मुद्दाम चेपतं. चेपलेलं प्लॅस्टिक बाहेर पसरतं, हत्तीच्या पावलासारखं, आणि वरून मोकळी दिसणारी फट खाली पायाशी जोडली जाते. असा साप हातात घेतला की वरच्या बाजूनं सगळे सांधे सुटे दिसतात, पण तो वाकत नाही. उलटा करून खालच्या बाजूला पातळ पडद्यासारखी जोड दिसली तर कारण सापडलं. त्यासाठी फटीलगतच्या खालच्या कडा अर्धा मिलिमीटर तिरक्या छाटायच्या, किंवा स्लायसरमधलं `Elephant foot compensation` वाढवायचं. नोझल जरा वर घेतलं तरी फरक पडतो, पण मग वस्तू बेडवरून सुटण्याची भीती असते.

भुकटीतला झगा

झोळणं, लोंबणं, टेकू, ४५ अंश, ही सगळी यातायात हवेत रेघ ओढण्यामुळे आहे. आधार आपोआप मिळाला तर काय होतं, याचं एक सुंदर उदाहरण अमेरिकेत आहे. नर्व्हस सिस्टम या डिझाईन स्टुडिओनं २०१४ मध्ये नायलॉनचा एक झगा छापला. त्यात २,२७९ त्रिकोणी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या ३,३१६ बिजागऱ्या आहेत आणि सगळं एकाच छपाईत झालं. झगा मशीनमध्ये मावत नव्हता, म्हणून तो घडी घातलेल्या अवस्थेतच छापला आणि बाहेर काढून उलगडला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो आपल्या संग्रहात घेतला आहे.

हे शक्य झालं कारण तिथं छपाई नायलॉनच्या भुकटीत होते. लेसर भुकटीचा थर हवा तेवढाच वितळवतो आणि न वितळलेली भुकटी खालून आधार देत राहते. बिजागरी कुठल्याही दिशेला असली तरी झोळत नाही. पण मोकळीक तिथंही चुकत नाही. वितळलेल्या भागाच्या उष्णतेनं जवळची भुकटीही थोडी चिकटते, आणि छपाईनंतर सांध्यांत अडकलेली भुकटी बाहेर निघायलाही वाट लागते. म्हणून साधारण अर्धा मिलिमीटर सोडतात. झोळण्याची चिंता गेली की तिच्या जागी भुकटी काढण्याची येते.

घरच्या प्रिंटरला ते सुख नाही. त्याच्यासाठी दिशा आणि फट हा एकच निर्णय आहे, दोन नाहीत. वस्तू कशी पडणार हे ठरल्याशिवाय ०.३ की ०.४ या प्रश्नाला अर्थच नसतो.

आईच्या डबीचे दोन नियम मी तिला सांगितले आहेत. एक, डबी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवायची नाही. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बंद गाडीच्या काचेजवळ तेवढी उष्णता सहज होते. शंकू थोडा जरी बसकला तरी पाव मिलिमीटरची मोकळीक गेली. दुसरं, गोळ्या पाकिटातून सुट्या न काढता पाकिटाचे तुकडे कापून ठेवायचे, कारण थरांच्या खाचांत मळ राहतो आणि तो नीट धुता येत नाही.

आठ महिने झाले. दिवसातून तीन वेळा डबी उघडते. परवा ती कापडानं पुसताना मी झाकण बिजागरीच्या लांबीनं हलकेच सरकवून पाहिलं. पहिल्या दिवशीपेक्षा किंचित जास्त सरकतं आहे. शंकू घासून गुळगुळीत झाले आहेत. झाकणाची कड अजून डबीच्या कडेवर बरोबर बसते. आई ते अंगठ्यानं वर ढकलते, नखाची गरज पडत नाही.